१०४७ नंबरचा बिब

दोन आठवडे झाले तरी हा नंबर डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो. मी लातूरला एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, आमच्या कॉलनीच्या मंडळाची दौड चार वर्षं झाली मीच सांभाळतो. ३, ५ आणि १० किलोमीटर, जे पैसे जमतात त्यातून खेड्यातून पायी येणाऱ्या मुलींना सायकली घेऊन देतो. यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ठेवली होती, साडेसहाचा स्टार्ट, कारण आपल्याकडं तेव्हा नऊ वाजले की ऊन डोक्यावर येतं.

रूट आखणं हे माझं आवडीचं काम. पहिल्या वर्षी रात्री अकराला फक्की मारून निवांत झोपलो आणि पहाटे झाडणाऱ्या मावशी आल्या, सगळे बाण साफ. त्यांची काय चूक, त्यांचं कामच ते. तेव्हापासून त्यांचं झाडून झालं की साडेपाचला आम्ही निघतो. वळणाच्या वीस पावलं आधी एक बाण, ऐन वळणावर दुसरा आणि वळून थोडं पुढं गेल्यावर तिसरा. तो तिसरा लोक विसरतात, पण आपण बरोबर रस्त्यावर आहोत ही खात्री पळणाऱ्याला त्यानंच पटते. पाच किलोमीटरची फेरी आहे, १० वाल्यांनी ती दोनदा मारायची. पाण्याचे टेबल दोन, आणि ग्लास अर्धेच भरायचे हे पोरांना बजावून सांगितलेलं, कारण पळता पळता कुणी पूर्ण ग्लास पीत नाही, उरलेलं रस्त्यावर जातं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना ते सांडलेलं पाणी बघवत नाही.

तर त्या दिवशी सव्वासातच्या पुढं दुसऱ्या टेबलावरच्या पोराचा फोन आला. अकरावीतला आहे, माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, १०४७ वाले काका सरळच निघालेत, वळलेच नाहीत, हाक मारली तर अंगावर आले, काहीबी बोलूलालेत. मी म्हणलं बाण दिसला नसेल. तो म्हणाला, सर, पहिल्या फेरीत बरोबर वळले होते की. हे त्याच्या लक्षात आलं म्हणून पुढचं सगळं निभावलं, मोठ्या माणसांच्याबी आलं नसतं.

मेडिकलला आमच्याच कॉलनीतल्या डॉक्टर मॅडम होत्या, एकट्याच. मंडळाच्या लोकांना त्या स्टेजजवळ बसायला हव्या होत्या, पाहुण्यांसोबत. मी भांडून त्यांना स्कूटीवर रूटवर ठेवलं. दौडीत माणूस स्टेजसमोरच पडेल असं धरून चालणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो मी मीटिंगमध्ये बोलून दाखवला होता. मॅडम चार मिनिटांत पोचल्या, मी मोटारसायकलवर मागोमाग.

काका डिव्हायडरवर बसलेले, घामानं निथळत होते, हात थरथरत होते, मला काय झालं नाही एवढंच परत परत. नाव विचारलं तर सांगता येईना. आम्ही १० वाल्यांना १००१ पासून नंबर देतो आणि बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या त्या नंबरच्या कागदाच्या मागं नाव, वय, रक्तगट, आजार आणि घरचा फोन बॉलपेननं लिहून घेतो, जेलपेन घामानं पसरतं. बिब उलटा करून बघितला तर वय २६, आजार काही नाही. समोर बसलेला माणूस पन्नाशीचा! मॅडमनी एकदा बिबकडं बघितलं, एकदा त्यांच्या तोंडाकडं, म्हणाल्या हा कागद यांचा नाही, सोडा तो. लगेच बोटाला टोचून शुगर बघितली. ४६, फारच खाली.

तोवर पोरांनी ओआरएसचा एक ग्लास पाजलेला, आणि एकजण डोक्यावर पाणी ओतायला निघाला होता. मॅडमनी नंतर सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. नेहमीच्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेराच ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे ग्लासभर पाजलं तरी तीन ग्रॅमसुद्धा जात नाही, आणि अशा वेळी एका दमात पंधरा ग्रॅम तरी लागतं. काका घोट गिळू शकतात याची आधी खात्री केली, कारण शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. मग ग्लुकोज पावडर चार चमचे अर्ध्या ग्लासात. पंधरा मिनिटांनी ६३, परत तेवढंच दिलं, मग ८८. ८८ ला काका माझ्याकडं बघून म्हणाले, सर, मी कुठंय?

डायबेटिस होता. शुगरची गोळी पहाटे रोजच्यासारखी घेतली आणि पळायचंय म्हणून पोटात काही नाही. बरे दिसायला लागले तरी मॅडमनी सोडलं नाही, ती गोळी दिवसभर काम करत राहते, शुगर परत खाली येऊ शकते म्हणून बिस्किटं खायला लावून दवाखान्यात पाठवलं.

आता मी काय केलं ते सांगतो. पहिली शुगर बघत होते त्याच वेळी मी बिबवरच्या नंबरला फोन लावून टाकला होता. म्हणलं, तुमचा मुलगा दौडीत पडलाय, लवकर या. तो कागद त्यांचा नाही हे मी कानानं ऐकलं होतं, तरी लावला. पलीकडचे काका बार्शी रोडवरून तशेच अनवाणी मोटारसायकल काढून निघाले. त्यांचा मुलगा आदल्या रात्रीच मित्राच्या लग्नाला गावाला गेलेला, बिब ऑफिसातल्या साहेबांना देऊन, आणि फोन उचलत नव्हता. डिव्हायडरवर दुसराच माणूस बघून ते मटकन खाली बसले. मॅडमनी त्यांचं बीपी आधी बघितलं. तिकडं आजारी काकांच्या मिसेस फिनिशला पाऊण तास उभ्या. माईकवर आम्ही १०४७ चे नातेवाईक या म्हणून ओरडत होतो, त्यांना नंबरच माहीत नव्हता.

लोक म्हणाले बिब दुसऱ्याला देणाऱ्यावर बंदी घाला. मीही तेच म्हणणार होतो. पण दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा काका म्हणाले, सर, मी गुरुवारी तुमच्याकडंच आलो होतो, तुम्ही परत पाठवलं. आठवलं मला. फॉर्ममध्ये बीपी-शुगरवर टिक केली की डॉक्टरचं सर्टिफिकेट मागायचं, हा नियम मागच्या वर्षी मीच आणला. त्यांनी खरं लिहिलं होतं. सर्टिफिकेट आणा म्हणलं, शुक्रवारी फॉर्म बंद झाले. मग ज्याच्या कागदावर आजार काही नाही असा बिब त्यांनी घेतला. म्हणजे जो माणूस आजार सांगून पळाला असता, त्याला न सांगता पळायला मी लावलं.

मॅडमचं म्हणणं, सर्टिफिकेट काढून टाका, बिब ज्याचा त्यालाच द्या, ओळखपत्र बघून, आणि देतानाच विचारा की गोळी कोणती, सकाळी काय खाणार. आजारावर टिक केलेल्यांच्या बिबला नुसता लाल ठिपका लावा, टेबलावरच्या पोरांना कळेल. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, सर्टिफिकेट नसताना काही झालं तर जबाबदार कोण. दोघांचंही ऐकून घेतलं. पुढच्या वर्षीचा फॉर्म टाईप करून ठेवलाय, त्या एका रकान्यापाशी येऊन थांबलोय, प्रिंटला अजून दिला नाही.