आयसीयूतल्या सिस्टरांना आभाराचं पत्र, मराठीत आणि इंग्रजीत

आई आयसीयूतून घरी आल्यावर आम्ही भावंडांनी तिथल्या सिस्टरांना पत्र लिहिलं. बऱ्याच जणी केरळच्या. मराठी बोललेलं समजायचं, वाचता येत नव्हतं. म्हणून वर मराठी आणि खाली इंग्रजी, दोन्ही एकाच पानावर. असं पत्र ड्युटी बदलताना नर्सिंग स्टेशनपाशी उभ्याउभ्या वाचलं जातं, त्यामुळे ते लांबवू नये.

मराठीत पहिल्यांदा सुचतं ते असं: ‘तुम्ही आईचं सगळं केलंत, देवासारख्या धावून आलात, तुमचे उपकार फिटणार नाहीत.’ आपल्या कानाला यात काही खटकत नाही. पण ‘उपकार’ला ‘फेवर’ केलं की नियम वाकवून सवलत दिल्यासारखं वाटतं. तिथे ‘वुई विल ऑलवेज बी ग्रेटफुल टू यू’ एवढं पुरतं. ‘देवासारख्या’चं शब्दशः इंग्रजी अवघडून टाकतं. धावून येणं म्हणजे काय झालं होतं, तेच सांगितलं: ‘व्हेन वुई वेअर फ्रायटन्ड, यू केम अँड स्टुड विथ अस.’

खरी अडचण ‘सगळं केलंत’ची. इंग्रजीत ते ‘यू डिड एव्हरीथिंग’ होतं आणि कुठल्याही वॉर्डाला चालेल इतकं मोघम वाटतं. म्हणून आधी मराठीच बदललं. पक्षाघातामुळे आईला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी फार वेळ दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. माकडहाड आणि टाचा या पहिल्या जागा. मग लिहिलं: ‘दर दोन तासांनी, रात्री तीनलासुद्धा, तुम्ही आईला कुशीवर वळवलंत. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्यात.’ याचं इंग्रजी आपसूक सरळ आलं: ‘यू टर्न्ड हर एव्हरी टू अवर्स, इव्हन अ‍ॅट थ्री इन द मॉर्निंग. शी केम होम विदाउट अ सिंगल बेडसोअर.’ जखम न होणं हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कागदावर यायलाच हवं.

सिस्टर आईला ‘आजी’ म्हणायच्या. इंग्रजीत ‘ग्रँडमदर’ न करता ‘आजी’च ठेवलं. मावशी आणि मामांचंही तसंच. ‘अटेंडंट’ म्हटलं की सकाळी अंग पुसताना आईशी गप्पा मारणाऱ्या मावशी त्यात दिसत नाहीत.

नावं घालायची तर तिन्ही ड्युट्यांची घालावीत, स्पेलिंग बॅजवरून घेऊन. नाईटच्या सिस्टर हमखास राहून जातात, कारण त्या वेळी नातेवाईक बाहेर झोपलेले असतात. यादी पुरी होत नसेल तर ‘मॉर्निंग, इव्हनिंग अँड नाईट’ असं लिहावं. वॉर्ड आणि महिना टाकावा. आजाराचा तपशील आणि पेशंटचा नंबर टाकू नये, कागद भिंतीवर लागू शकतो.

एक प्रत इनचार्ज सिस्टरांकडे आणि दुसरी मेट्रनकडे द्यावी. खाली मराठीत ‘आपले ऋणी’ लिहिलं, इंग्रजीत ‘विथ लव्ह, आजीज फॅमिली’.