पेन माझ्या हातात होतं आज

सिडकोतल्या कबड्डी मॅचला आज स्कोअरशीट लिहायला बसलो, नेहमीचा दादा आलाच नाही म्हणून. वाटलं काय त्यात, पॉइंट झाला की आकड्यावर काट मारायची.

सेकंड हाफमधे 18-16 होतं. पुढे असलेल्या टीमचा 7 नंबर रेडला गेला, समोर सहा जण, म्हणजे बोनस चालू. त्याचा एक पाय बोनस लाइनच्या पलीकडे, दुसरा हवेत, बोनस झालाच, पण परतताना कॉर्नरवाल्याने घोटा धरला आणि बाकीचे अंगावर आले. ह्या गोंगाटात मी फक्त टॅकल लिहिला, 18-17. बोर्डवर बघतो तर 19-17! पकडला गेला तरी बोनस त्याचाच राहतो ना, तो आधी मिळालेला असतो. रेफ्रीला विचारून काट टाकली आणि वर छोटा त्रिकोण काढला.

गंमत पुढे आहे. टॅकलमुळे डिफेन्सचा एक जण आत आला, ते सात झाले. रेड करणाऱ्यांचं मात्र बोनसवर कुणी जिवंत होत नाही, त्यामुळे आउटच्या रांगेत 7 नंबर शेवटी लिहिला. लगेच त्यांचे सर टाइमआउट घेऊन म्हणे, ‘7 च्या जागी 11 घ्या.’ आउट प्लेअर बदलता येत नाही सर, आधी तो जिवंत होऊ द्या. शीट दाखवली तेव्हा गप्प झाले, मग मैदानातला 4 नंबर काढून 11 घेतला.

बोटांना शाई, शर्टावर माती, आणि घसा कोरडा 😄