लिंक संपली, ऑर्डर नाही

आम्ही नागपुरातून संत्र्याच्या पेट्या पार्सलने पाठवतो. कळमन्याच्या बाजारात भाव रोज हलतो, म्हणून पैसे भरायची लिंक आम्ही 24 तासच चालू ठेवतो. त्यानंतर ती उघडली की नुसतं 'expired' दिसतं. अशा ग्राहकांना पाठवायचं एक तयार उत्तर होतं: "विहित मुदतीत रक्कम न भरल्याने लिंक कालबाह्य झाली आहे. नव्याने ऑर्डर नोंदवावी."

पुण्याच्या एका काकूंना ते गेलं आणि त्यांचा लगेच फोन. "परत ऑर्डर केली तर दोन पेट्या येतील का हो? आणि माझे पैसे कटले तर नाहीत ना?" लिंक शुक्रवारी संध्याकाळी गेली होती, त्यांनी उघडली रविवारी. पैसे कटायचा प्रश्नच नव्हता, पण आमच्या दोन ओळींत ते कुठेच नव्हतं. मालक भाऊ म्हणाले, "हे उत्तर हाय का नोटीस? नवीन लिही."

पहिल्या मसुद्यात मी 'सुरक्षेच्या कारणास्तव' असं घातलं होतं. ऐकायला भारदस्त, पण खरं कारण भाव आहे, म्हणून ते काढलं. '24 तास' ऐवजी वार आणि वेळ लिहिली, कारण ते तास कधीपासून मोजायचे हे ग्राहकाला कसं कळणार? शेवटी उत्तर असं झालं:

"नमस्कार काकू. तुमची ऑर्डर तशीच आहे, परत नोंदवू नका. संत्र्याचा भाव रोज बदलतो, म्हणून लिंक शनिवारी संध्याकाळी 6 ला बंद झाली. नवी हवी असेल तर इथेच 'लिंक' एवढं लिहा. आजचा भाव कळवून, तुम्ही हो म्हटल्यावर पाठवू. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र नवीन लिंकवर भरू नका. बँकेच्या मेसेजमधला यूटीआर नंबर पाठवा. ओटीपी किंवा यूपीआय पिन आम्हाला सांगू नका."

शेवटच्या भागावर भाऊंनी नाक मुरडलं, लांब होतं म्हणे. मी अडून बसले. मुदत संपता संपता कोणी पैसे भरले, की कधीकधी खात्यातून रक्कम जाते आणि आमच्याकडे ऑर्डर न भरलेलीच दिसते. अशा वेळी घाईने नवी लिंक दिली तर माणूस दोनदा भरतो. यूटीआर असला की ते पैसे आमच्यापर्यंत आले की वाटेत अडकले, हे शोधता येतं.

आमच्या सिस्टीममध्ये संपलेल्या लिंकची तारीख वाढवता येत नाही, नवीनच बनवावी लागते. जुनी मात्र व्हॉट्सॲपवर वरती तशीच पडून राहते आणि लोक नेमकी तीच दाबतात. म्हणून नव्या लिंकसोबत रक्कम, बंद व्हायची वेळ आणि 'वरची जुनी लिंक दाबू नका' एवढं लिहितो. काकूंनी तरी आधी जुनीच दाबली, मग खालची.