नववीतली गौळण

कोल्हापुरात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, धुळवडीला नाही. त्यामुळे होळी पेटल्यानंतरचे चार-पाच दिवस आमच्या वर्गाचे चित्त थाऱ्यावर नसे. अशाच एका आठवड्यात मराठीच्या बाईंनी रंगपंचमीवर गौळण लिहायला सांगितली. रचना मोठ्या अभंगाची: सहा, सहा, सहा, चार अक्षरे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही, जोडाक्षर एकच धरायचे. वर्गभर बोटांवर मोजणी सुरू झाली.

एका मैत्रिणीने ‘भक्तीची पिचकारी’ असे लिहिले. बाईंनी आधी सातवे अक्षर दाखवले. मग म्हणाल्या, “अगं, पिचकारी भक्तीची आहे हे तूच सांगून टाकलंस, आता ऐकणाऱ्यानं काय करायचं? पिचकारीला पिचकारीच राहू दे. तो रंग निघत नाही, एवढंच गौळणीला कळू दे.”

त्यावरून मी लिहिले:

अडविली वाट । घेऊनिया रंग ।
भिजविले अंग । कान्हयाने ॥

धुतले लुगडे । नदीच्या पाण्यात ।
रंग आत आत । पाझरला ॥

सावळी मी झाले । वेगळी दिसेना ।
मज ओळखेना । सखी कोणी ॥

पहिल्या कडव्यात नुसती खोडी आहे. देवाचा सूर तिथेच लावला असता, तर खेळ उरला नसता. गौळण यशोदेकडे गाऱ्हाणे नेते तेव्हा तिच्या रागात लाडच जास्त असतो. एकनाथांच्या गौळणी शिकवताना बाई हे फार गोड सांगत. खरे वळण दुसऱ्या कडव्यात आहे. धुणे हे रोजचे काम, पण इथे धुतल्याने रंग जायच्या ऐवजी आत शिरतो. बाईंनी हे कडवे हाताने झाकून बाकीचे वाचायला लावले. खोडीवरून एकदम सावळे होणे वरून चिकटवल्यासारखे वाटले. मधली पायरी गाळली की भक्ती उपरी वाटते, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसले. तिसऱ्यात ‘भक्ती’, ‘आत्मा’, ‘मोक्ष’ यांतला एकही शब्द नाही. मैत्रिणींना ती ओळखू येत नाही, इतकी ती त्याच्या रंगाची झाली. मधुरा भक्ती याहून वेगळी काय सांगायची?

संगीताच्या सरांनी काफीच्या अंगाने चाल बांधली, भजनी ठेक्यात. कोमल गंधार-निषादाचा काफी होरीला पूर्वापार जवळचा. ‘कान्हयाने’ची चार अक्षरे आम्ही लांबवून म्हणत असू, आणि तेवढ्या वेळात मागच्या मुली पहिला चरण पुन्हा उचलत.

आज आमच्या भजनी मंडळात नवी गौळण आली, की मी अजून मधले कडवे झाकून वाचते.