वरच्या मजल्यावर नवीन कुटुंब आलंय, चिठ्ठीत काय लिहू?

"आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन कुटुंब राहायला आलंय. स्वागताची चिठ्ठी द्यायची आहे, पण 'स्वागत आहे, काही लागलं तर सांगा' याच्यापुढे काही सुचतच नाही. काय लिहावं?"

अडतं ते 'काही लागलं तर' इथेच. त्या 'काही'त नेमकं काय बसतं, हे नवख्या माणसाला कळत नाही. शिडी मागितलेली चालेल का? रात्री नऊला बेल वाजवली तर? विचारायचा संकोच होतो आणि ते विचारतच नाहीत. म्हणून 'काही' खोडा आणि तिथे एक वस्तू आणि एक वेळ लिहा: शिडी आणि ड्रिल मशीन आहे, संध्याकाळी ६ ते ९ मध्ये केव्हाही या.

मग बिल्डिंगची अशी एक-दोन माहिती द्या, जी पहिल्या आठवड्यात लागतेच आणि बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. कचरा कधी नेतात, आणि घरात येणारं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, या दोन बहुतेक ठिकाणी चालतात. वॉशिंग मशीनचा पाइप जोडताना नळ गळायला लागला, की तो व्हॉल्व्ह शोधायला वेळ नसतो. पण लिहिण्याआधी स्वतः जाऊन बघा. व्हॉल्व्हवरचे जुने नंबर कधी पुसट झालेले असतात, कधी अदलाबदल झालेले. चुकीचा व्हॉल्व्ह सांगितलात तर ते दुसऱ्याच घराचं पाणी बंद करतील आणि त्यांची गळती चालूच राहील.

समजा तुम्ही ३०४ मध्ये राहता आणि ते तुमच्या बरोबर वर, ४०४ मध्ये आलेत. तर चिठ्ठी अशी होईल:

"नमस्कार. आम्ही ३०४ मध्ये, तुमच्या खालीच राहतो. तुम्ही आलात, खूप बरं वाटलं. सामान लावताना आवाज होणारच, रविवारपर्यंत दिवसा निवांत ठोकाठोकी करा, आमची काही हरकत नाही. कचरा सकाळी ७:३० च्या आत दाराबाहेर ठेवायचा, रविवारी नेत नाहीत. तुमच्या पाण्याचा व्हॉल्व्ह चौथ्या मजल्यावर जिन्याजवळच्या कपाटात आहे, डावीकडून दुसरा. शिडी किंवा ड्रिल हवं असेल तर संध्याकाळी ६ ते ९ मध्ये बेल वाजवा. उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

खाली तुमचं नाव आणि हवा तर एक फोन नंबर.

यात सगळ्यात मोलाचं वाक्य आवाजाचं आहे. वरच्या मजल्यावर कपाट सरकवताना त्या माणसांच्या मनात एकच धास्ती असते, खालचे काय म्हणतील. ती तुम्ही आपणहून काढून टाकता. मात्र 'रविवारपर्यंत' आणि 'दिवसा' हे दोन शब्द गाळू नका, नाहीतर ती कायमची परवानगी ठरते आणि पुढे तुम्हालाच बोलायला अवघड जातं. घरात कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपत असेल, तर हे वाक्य लिहूच नका. न पाळता येणारी मोकळीक देण्यापेक्षा ते बरं.

आता काय टाळायचं ते. लेटरबॉक्सवरचं नाव बघून 'प्रिय अमुक कुटुंब' लिहू नका, ती पाटी आधीच्या लोकांची असू शकते. नुसतं 'नमस्कार' पुरतं. मुलं किती, काय करता, हे प्रश्न चिठ्ठीत नकोत, कारण उत्तर देणं मग भाग पडतं. आधी राहणाऱ्यांबद्दल अवाक्षर नको. पार्किंगचे नियमही या कागदावर नकोत. स्वागताखाली दोन नियम आले, की वाचणाऱ्याच्या लक्षात नियमच राहतात. आणि गेटचा कोड किंवा वायफायचा पासवर्ड कागदावर कधीच नको, चिठ्ठी पडली तर ती कुणाच्याही हाती लागते.

कागद वहीच्या अर्ध्या पानाएवढा पुरे, हाताने आणि सुटं सुटं लिहिलेलं. त्यांची भाषा वेगळी असायची शक्यता वाटली, तर वाक्यं आणखी छोटी करा. वेळा आणि घरनंबर आकड्यातच ठेवा, ते वाचायला सोपे जातात.

सामान उतरत असताना देऊ नका, खोक्यांच्या ढिगात ती हरवते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदाच बेल वाजवा. दार उघडलं तर हातात द्या, दोन वाक्यं बोला आणि आत बोलावलं तरी 'सावकाश येऊ' म्हणून निघा, घरात बसायला अजून जागा झालेली नसते. नाही उघडलं, तर दाराखालून पूर्ण आत सरकवा. अर्धी बाहेर राहिलेली चिठ्ठी घरात कुणी नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसते.