फ्लशचं पाणी मोजायला घेतलं तेव्हा: धायरीतल्या एका सोसायटीचा हिशेब

पुण्यात, धायरीतल्या आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट आहेत. इमारत नव्वदीच्या सुरुवातीची. प्रत्येक घरात दोन संडास, एक इंडियन आणि एक कमोडचा. बांधली तेव्हाच गच्चीवर फ्लशसाठी वेगळी सिमेंटची टाकी ठेवली होती. तिच्यात बोअरचं पाणी जायचं. उन्हाळ्यात बोअर आटलं की तीच टाकी टँकरच्या पाण्याने भरावी लागते. आमच्याकडे १०,००० लिटरच्या टँकरला १,५०० रुपये पडतात, म्हणजे लिटरला १५ पैसे. सोसायटीचे हिशेब माझ्याकडे आल्यावर टँकरची बिलं पाहिली आणि या वेगळ्या टाकीचा उपयोग लक्षात आला. फ्लशचं पाणी एकाच टाकीतून जात असेल, तर ते मोजता येणार होतं.

मीटर बसवायची गरज पडली नाही. टाकी आतून २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, त्यामुळे पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली की ३० लिटर गेले. पट्टीवर खुणा करून ती टाकीत उभी केली. पंप बंद ठेवायचा, पातळी लिहायची, पुन्हा भरायच्या आधी पातळी लिहायची, एवढंच काम. दिवसाला सरासरी ५,६०० लिटर जात होते. राहणारी माणसं ८४, म्हणजे माणशी जवळपास ६७ लिटर. भारतीय मानकात (IS 1172) फ्लशसाठी माणशी ४५ लिटर धरलेले आहेत. आम्ही दीडपट वापरत होतो, तेही नुसतं फ्लशला.

हे पाणी कुठे जातं ते बघायला मी आणि आमचे प्लंबरकाका घरोघरी गेलो.

इंडियन संडासांत बहुतेक ठिकाणी मूळची बीडाची, साखळी ओढायची टाकी होती. ती पॅनपासून साधारण सव्वा मीटर किंवा जास्त उंचीवर असते. आत घंटेच्या आकाराचा सायफन असतो आणि तो एकदा सुरू झाला की टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. त्यामुळे या टाकीची क्षमता आणि एका फ्लशचं पाणी हे एकच. आमच्या टाक्या साडेबारा लिटरच्या होत्या. लघवीला गेलं तरी साडेबारा आणि शौचाला गेलं तरी साडेबारा. उंचीमुळे पाण्याला जोर मात्र चांगला मिळतो.

कमोडच्या मागच्या प्लास्टिकच्या टाक्या पॅनला लागून, फारतर फूटभर वर असतात. उंची नसल्यामुळे इथे जोर कमी, म्हणून फ्लशचा पाइप जरा जाड ठेवतात. मूळच्या टाक्या १० लिटरच्या, एका बटणाच्या. काही घरांत बदलून दोन बटणांच्या आल्या होत्या, मोठं बटण ६ लिटर आणि छोटं ३ लिटर. या टाक्यांचा व्हॉल्व्ह ठरलेल्या पातळीला मिटतो आणि तळाशी थोडं पाणी शिल्लक राहतं. म्हणून टाकीत मावतं किती आणि जातं किती हे दोन वेगळे आकडे आहेत. दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा मावण्याचाच आकडा सांगतात. बिलावर परिणाम जाणाऱ्या पाण्याचा होतो.

मोजायची रीत सोपी आहे. टाकीचा अँगल कॉक बंद करायचा, आत पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करायची, फ्लश करायचा आणि लिटरच्या मापाने खुणेपर्यंत पाणी भरायचं. जितकी मापं लागली तितकं पाणी एका फ्लशला जातं. प्रत्यक्षात फ्लश चालू असताना बॉलकॉकमधून थोडं पाणी येत असतं, त्यामुळे खरा आकडा किंचित जास्त असतो. ‘१० लिटर’ लिहिलेल्या काही टाक्यांत फ्लोट इतका वर चढवला होता की ११ लिटरच्या वर पाणी जात होतं.

याच मोजणीत बाटलीच्या युक्तीचाही निकाल लागला. टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली की तेवढं पाणी वाचतं, असं म्हणतात. एका आजींनी दोन बाटल्या ठेवल्या होत्या, पण त्या तळाशी आडव्या होत्या, म्हणजे जे पाणी फ्लश झाल्यावरही शिल्लक राहतं त्यातच बुडालेल्या. मोजलं तर फ्लशचं पाणी जेवढ्यास तेवढं. बाटली वरच्या भागात, दरवेळी रिकाम्या होणाऱ्या जागेत आली तरच उपयोग. त्यापेक्षा फ्लोट खाली घेणं बरं, बाटली सरकून व्हॉल्व्ह अडकायची भीती नाही. वीट तर ठेवूच नये. ती झिजते आणि तिचा चुरा वॉशरखाली जाऊन गळती सुरू होते.

नूतनीकरण केलेल्या घरांत भिंतीतल्या कन्सील्ड टाक्या होत्या. बाहेर फक्त बटणांची पट्टी दिसते. याही ६ आणि ३ लिटरच्या, आणि बऱ्याच बनावटींत मोठ्या फ्लशचं माप व्हॉल्व्हवरच्या सरकत्या पट्टीने कमीजास्त करता येतं. मोजताना बटणांची पट्टी काढून आतला कॉक बंद करायचा, टॉर्चने पातळी बघायची आणि त्याच तोंडातून नळीने मापून पाणी भरायचं. पाण्याच्या बाबतीत कन्सील्ड टाकी कमोडमागच्या दोन बटणांच्या टाकीपेक्षा वेगळी नाही. तिच्यामुळे जागा वाचते, पाणी वाचतं ते मापामुळे. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘कन्सील्ड घेतली म्हणजे पाणी कमी लागतं’ असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं.

आकडे कळल्यावरही ५,६०० लिटरचा हिशेब पुरता लागत नव्हता. तेव्हा रात्रीची पातळी पाहायचं ठरवलं. पहाटे १ ते ४ या वेळात क्वचितच कोणी उठतं. पंप बंद होता, तरी पातळी ७ सेंटिमीटर उतरली. म्हणजे ३ तासांत २१० लिटर, तासाला ७०. दिवसभर असंच चालू राहिलं तर १,६८० लिटर. एखाददुसरा खरा फ्लश वजा केला तरी बाकी सगळी गळती.

ती शोधायला रंग वापरला. टाकीत हळदीचं गडद पाणी ओतायचं, अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही, आणि पॅनमध्ये पिवळं दिसतं का ते बघायचं. जिथे दिसलं तिथे कॉक बंद करून तासाभराने टाकीतली पातळी पाहिली. आतून ४० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद असलेल्या एका टाकीत पातळी २ सेंटिमीटर उतरली होती. हे झाले सव्वा लिटरच्या आसपास, दिवसाचे २९ लिटर. घरात कोणालाही आवाज ऐकू येत नव्हता, पॅनच्या मागच्या बाजूला ओलसर चकाकी तेवढी होती. कारण जवळपास सगळीकडे एकच होतं. टँकर आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार रबरी वॉशरवर बसतो आणि वॉशर नीट टेकत नाही.

दुसऱ्या तऱ्हेची गळती भरण्याच्या बाजूची. बॉलकॉक बंद होत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोने जातं. बीडाच्या टाकीचा ओव्हरफ्लो बाहेर काढलेला असतो, त्यामुळे टपटप लगेच दिसते. नव्या टाक्यांत, कन्सील्डमध्ये तर हमखास, ओव्हरफ्लो आतूनच पॅनमध्ये जातो. एका फ्लॅटची कन्सील्ड टाकी अशीच वाहत होती आणि त्या घरच्यांना पत्ताच नव्हता. सगळ्यांत मोठी गळती तीच निघाली. दुरुस्ती बटणांच्या तोंडातूनच झाली, फरशी फोडावी लागली नाही. मात्र त्याच बनावटीचा भाग मिळवायला वेळ गेला. कन्सील्ड घेणाऱ्याने सुटे भाग आपल्या गावात मिळतात का ते आधी विचारावं.

वॉशर आणि बॉलकॉक बदलल्यावर रोजचा खर्च ४,३०० लिटरवर आला. हे सगळं गळती थांबवून, एकही टाकी न बदलता.

मग मापाकडे वळलो. ज्या घरांची तयारी होती तिथे कमोडच्या मागे ६ आणि ३ लिटरची टाकी बसवली. इथे एक अडचण आली. जुने कमोड १० लिटरच्या हिशेबाने घडवलेले, काहींत ६ लिटरने मैला पूर्ण ओढला जात नव्हता. लोक दोनदा बटण दाबू लागले, म्हणजे १२ लिटर. अशा ठिकाणी टाकीचं माप वाढवावं, नाहीतर ६ लिटरसाठी केलेला कमोड घ्यावा. इंडियन पॅनचं तर आणखी वेगळं. दोन घरांनी साखळीची टाकी काढून खाली छोटी टाकी लावली होती. जोर गेल्यामुळे पॅन धुतला जाईना, मग शेजारी बादली आली. बादली एका वेळी अर्धी ओतली तरी सात-आठ लिटर. तिथे आम्ही टाकी पुन्हा उंचावर, १० लिटरची घेतली आणि लघवीसाठी तांब्याभर पाणी पुरतं एवढं घरच्यांशी बोललो.

तळमजल्यावर प्लंबरकाकांनी मोठा फ्लश ६ लिटरच्या खाली नेऊ दिला नाही. “वरच्या मजल्यांचं पाइपातून सरळ खाली पडतं, ताई. इथलं चेंबरपर्यंत आडवं जायचंय. पाणी कमी पडलं की मैला वाटेत बसणार.” जुन्या, कमी उताराच्या ड्रेनेजला हे लागू आहे आणि बचतीची हद्दही तिथेच ठरते.

शेवटी रोजचा आकडा ३,४०० लिटरच्या आसपास स्थिरावला, माणशी ४० लिटर. दिवसाला २,२०० लिटर वाचले, महिन्याला ६६,०००. साडेसहा टँकर, ९,९०० रुपये, फ्लॅटमागे ४१२ रुपये. दोन बटणांची नवी टाकी उन्हाळ्याच्या काही महिन्यांत वसूल होते, वॉशर तर आठवड्याभरात.

पण हा हिशेब टँकरचा आहे. १० लिटरचा एक फ्लश आमच्याकडे उन्हाळ्यात दीड रुपयाचा. तेच पाणी पालिकेच्या मीटरवर हजार लिटरला १० रुपये धरलं तर १० पैशांचं. पुण्यात घरगुती पाणीपट्टी बहुतांशी मिळकतकराबरोबरच येते, तिथे फ्लश कमी केल्याने बिल हलत नाही. मुंबईत सोसायटीला मीटर असतो आणि मलनिस्सारणाचा आकारही पाण्याच्या बिलाच्या प्रमाणात लागतो, त्यामुळे वाचलेल्या लिटरचा फायदा दोन ओळींत दिसतो. तरी तो सगळ्या सोसायटीत सारखा वाटला जातो. ज्या घराने टाकी बदलली आणि ज्या घराची अजून वाहते, दोघांना तेच बिल. घरोघरी मीटर लावावे म्हटलं तर जुन्या इमारतीत स्वयंपाकघर, बाथरूम, फ्लश यांचे पाइप गच्चीवरून वेगवेगळे उतरतात, एका मीटरने घराचं पाणी मोजताच येत नाही.

म्हणून आम्ही टाकी बदलायची सक्ती केली नाही. वॉशर आणि बॉलकॉकचा खर्च सोसायटीच्या देखभाल निधीतून करायचा ठराव केला, कारण एका घरातल्या गळतीचं पाणी चोवीस घरांच्या खिशातून जातं. महिन्यातून एकदा रात्री पट्टीवरची पातळी बघतो. ३ तासांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली की हळद घेऊन पुन्हा फेरी. जड पाण्यामुळे वर्षभरात तीन-चार वॉशर तरी बदलावे लागतातच.