सॉसपॅनचं बूड आणि दांडा

कोणती वस्तू कशाची करतात आणि का, हा धडा पुस्तकातून शिकवला की मुलं तक्ता पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून मी वर्गात एक सॉसपॅन नेते आणि सगळं बोलणं त्या एकाच भांड्यावर करते. “हे कशाचं?” विचारलं की वर्ग ओरडतो, “स्टीलचं!” मग मी ते पालथं घालते. बुडाला जाड चकती बसवलेली असते आणि तिच्या कडेला राखाडी पट्टी दिसते. ते अ‍ॅल्युमिनियम.

ते तिथे कशाला? तर स्टील उष्णता पुढे ढकलण्यात भलतंच आळशी आहे. अ‍ॅल्युमिनियम हेच काम जवळपास 14-15 पट चांगलं करतं. पातळ स्टीलच्या भांड्यात दूध करपलं तर तळाशी बघावं. बर्नरच्या ज्वाळांचं गोल कडं तिथे तपकिरी रंगात उमटलेलं असतं. ज्वाळेच्या वरची जागा तापते, शेजारची मागे राहते. मधे अ‍ॅल्युमिनियमचा थर आला की उष्णता आडवी पसरते आणि बूड सारखं तापतं.

“मग सगळं भांडंच अ‍ॅल्युमिनियमचं करा की!” हा प्रश्न येतोच, आणि तो यावा म्हणूनच मी थांबलेली असते. अ‍ॅल्युमिनियम मऊ, पटकन पोचे पडतात. शिवाय आंबट पदार्थात ते थोडं थोडं विरघळतं. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर थर बसतो. मिलिमीटरचे लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही पातळ! घासणीने ओरखडा पडला तरी तो थर आपला आपण पुन्हा धरतो.

या जोडीत एक भांडण मात्र आहे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं. रिकामं भांडं कडकडीत तापवून गार पाण्याखाली धरलं की दोघांची ओढाताण होते आणि बूड बाक धरतं. पालथ्या बुडावर पट्टी आडवी ठेवा. खालून उजेड दिसला तर समजा, आता ते सपाट शेगडीवर नीट टेकणार नाही.

दांडा बेकेलाइटचा. लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये शोधलेलं हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झालं की तापवून पुन्हा वितळत नाही, आणि उष्णता स्टीलपेक्षाही कितीतरी कमी नेतं. काही भांड्यांना लांब, पोकळ स्टीलचाच दांडा असतो, तोही बराच वेळ धरवतो. बुडात नडलेला आळस इथे कामाला येतो! बेकेलाइट वितळत नसलं तरी जळतं मात्र. ज्वाळा भांड्याच्या बाहेरून वर चढत असतील, तर दांड्याचं भांड्याकडचं टोक आधी निस्तेज होतं, मग तडकतं, आणि उग्र वास येतो. तेवढ्यासाठी आच बुडाच्या आत ठेवायची.